सगळं एकाच नंबरवर, दुसरं सिम, की ओटीपीच कमी करायचे? दाजींचा फोन गेल्यावर मांडलेला हिशोब

दाजींचं पंचवटीत किराणा दुकान आहे. नंबर एकच, गेली पंधरा-सोळा वर्षं तोच. दुकानाच्या पाटीवर तोच, व्हिजिटिंग कार्डावर तोच, आणि आधार, दोन्ही बँका, जीमेल, व्हॉट्सअॅप, जीएसटी, गॅस, झालंच तर माझ्या भाच्याच्या शाळेचं अॅप, सगळं त्याच्यावरच. शनिवारी संध्याकाळी रविवार कारंज्याच्या गर्दीत फोन गेला. फोन फ्लिप कव्हरमधला, आणि कव्हरच्या खिशात डेबिट कार्ड. (ही सवय निम्म्या नाशिकला आहे, मलाही होती.)

तासाभरात ताईच्या फोनवरून मोबाईल कंपनीला कॉल करून सिम बंद करून घेतलं, कार्ड पण ब्लॉक केलं. पैसे काही गेले नाहीत. पण पुढचं ऐका. रविवारी कंपनीची गॅलरी बंद. सोमवारी सकाळी रांगेत उभं राहून, आधारवर अंगठा देऊन डुप्लिकेट सिम मिळालं, दुपारी दोनच्या सुमारास चालू झालं, कॉल यायला लागले पण एसएमएस एकही नाही. दाजींना वाटलं सिमच खराब दिलंय. खराब नव्हतं, सिम बदललं की पुढचे 24 तास त्या नंबरचे एसएमएस बंद ठेवायचे असा सरकारी नियमच आहे, कोणी तुमच्या नावाने खोटं सिम काढलं तर लगेच ओटीपी मिळू नये म्हणून. म्हणजे मंगळवारी दुपारपर्यंत ना यूपीआय, ना नेटबँकिंग. गंमत अशी की दुकानातला साउंडबॉक्स मजेत बोलत होता, क्यूआरवर गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात जमा होत होते, आणि दाजींना होलसेलवाल्याला द्यायला त्यातला एक रुपया फोनवरून पाठवता येत नव्हता. सोमवारी शेवटी बँकेत जाऊन चेकने काढले.

आता ताई विचारतेय की दुसरं सिम घेऊ का, का सगळं माझ्या नंबरवर टाकू, का ते कोडवालं अॅप लावू. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, नंबर किती ठिकाणी दिलाय यापेक्षा त्या नंबरवरून काय काय रिसेट होतं हे महत्त्वाचं. गॅस बुकिंगला नंबर असला तर असू द्या. पण जीमेलचा पासवर्ड नंबरवर कोड मागवून बदलता येत असेल, आणि बाकीच्या पन्नास खात्यांचा पासवर्ड जीमेलवरून बदलता येत असेल, तर ती पन्नास खाती पण त्या सिमवरच टांगलेली आहेत, तिथे नंबर दिलेला असो वा नसो. बँक आणि ईमेल या दोघांची किल्ली एकच असणं, खरा घोळ तो आहे. आणि वरचा 24 तासांचा नियम इथे पुरत नाही, कारण तो एसएमएसचा आहे, कॉल चालूच असतात आणि गुगलसारखे लोक कोड कॉलवर पण सांगतात.

पर्याय एक, आहे तसंच ठेवायचं. सोपं आहे, फुकट आहे, आणि यूपीआयच्या रचनेला तेच सोयीचं पडतं, कारण यूपीआय अॅप चालू करताना बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमधून एसएमएस पाठवून ओळख पटवतं. आधार ओटीपीने यूपीआय पिन लावायचा असेल तर आधारला आणि बँकेत नंबर एकच लागतो. असंच ठेवायचं असेल तर निदान दोन कामं करा. एक, कार्ड कव्हरमधून काढा. चोराच्या हातात सिम आणि कार्ड दोन्ही आलं तर कार्डाचे शेवटचे सहा आकडे, एक्सपायरी आणि ओटीपी एवढ्यावर दुसऱ्या फोनवर नवा यूपीआय पिन लावायचा प्रयत्न करता येतो, काही बँका वर एटीएम पिनही मागतात पण सगळ्या मागतीलच असं धरून चालू नका. दोन, सिमला पिन लावा. फोनला फिंगरप्रिंट आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे यायला लागतात, त्याला तुमचं बोट लागत नाही. सिम पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी तो पिन मागतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत 'सिम लॉक' म्हणून असतं. पण लावायच्या आधी कंपनीचा मूळ पिन काय आहे ते विचारून घ्या, उगाच अंदाज मारू नका, तीन वेळा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड मागतं आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. आणि हे फक्त चोरीसाठी. कोणी गॅलरीतून तुमच्या नावाचं डुप्लिकेट काढलं तर सिम पिनचा उपयोग शून्य, ते कार्डच वेगळं.

पर्याय दोन, घरच्या कोणाचा नंबर देणं. ताईचा कल इकडे होता, आणि मी सरळ नाही म्हटलं. आपल्याकडे आई-बाबांची खाती, आधार, पेन्शन सगळं एका मुलाच्या नंबरवर असतं, म्हणजे एका फोनवर आता तीन माणसं अडकली. त्यातून त्या खात्याचं यूपीआय आई-बाबांच्या फोनवर चालत नाही, सिम तिथे नाही ना. बाबा बँकेत काउंटरला उभे आणि मुलगा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, फोन लॉकरला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका गोष्टीला मात्र घरच्याचा नंबर चालतो, ईमेलचा रिकव्हरी नंबर म्हणून. दाजींच्या जीमेलला ताईचा नंबर, ताईच्याला दाजींचा नाही तर माझा. तिथे रोज ओटीपी येत नाही, अडचणीतच लागतो.

पर्याय तीन, दुसरं सिम. दाजींसारख्यांना मी हेच सांगेन, पण लोक हे अर्धवट करतात. नवा नंबर घेतात, त्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत टाकतात, फोन गेला की दोन्ही गेले. दुसरा नंबर साध्या बटणाच्या फोनमध्ये, घरी कपाटात. तो पाटीवर नाही, कार्डावर नाही, मॉलमध्ये लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर नाही. शक्यतो दुसऱ्या कंपनीचा, म्हणजे एका गॅलरीतल्या एका माणसाला फसवून दोन्ही सिम निघणार नाहीत.

पण मग यूपीआय? सिम कपाटात म्हटल्यावर त्या खात्याचं यूपीआय खिशातल्या फोनवर चालणार नाही. म्हणून खाती दोन लागतात, आणि दोन वेगळ्या बँकांत, कारण बहुतेक बँका नंबर खात्याला नाही तर ग्राहकाला जोडतात, एकाच बँकेत चार खाती काढली तरी नंबर एकच. दाजींची दोन बँकांत खाती आधीपासून होती हे नशीब. आता रोजचं, क्यूआरचं, होलसेलवाल्याचं खातं पाटीवरच्या नंबरवर, त्यात आठवड्याच्या मालाला लागेल तेवढंच. बचत आणि एफडी दुसऱ्या बँकेत, कपाटातल्या नंबरवर, यूपीआय नाहीच. दर रविवारी रात्री दाजी स्वतः जादाचे पैसे इकडून तिकडे टाकतात. उद्या परत फोन गेला तर अडकतील ते आठवड्याचे पैसे, आयुष्यभराचे नाहीत.

याची खरी किंमत सिमची नाही, ते जिवंत ठेवायची आहे. 90 दिवस काहीच वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढे निदान 90 दिवस थांबून दुसऱ्याला दिला जातो. म्हणजे कपाटातलं सिम विसरलात तर तुमच्या एफडीच्या बँकेचे मेसेज कुठल्यातरी अनोळखी माणसाला जायला लागतील. बंद झालेल्या आणि दुसऱ्याला दिलेल्या नंबरांची यादी बँकांनी आणि यूपीआय अॅपवाल्यांनी दर आठवड्याला तपासायची असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 2025 मध्ये घालून दिलं, पण ते यूपीआयपुरतं, ईमेलवाले किंवा बाकीची अॅप ती यादी बघत बसत नाहीत. डेटा नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे लांब मुदतीचे पॅक मिळतात, एकदा मारला की बरेच महिने बघायला नको. महिन्यातून एकदा त्यावरून घरी एक कॉल करायचा, बॅटरी पण चार्ज होते.

पर्याय चार, ओटीपीच कमी करणं, म्हणजे ऑथेंटिकेटर अॅप. पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, सिमशी संबंध नाही, नेटवर्क नसलं तरी चालतं. मर्यादा अशी की आपल्याकडच्या बहुतेक बँकांत हे चालत नाही, त्यांना ओटीपीच लागतो. म्हणजे हा दुसऱ्या सिमला पर्याय नाहीच, हा ईमेलचा इलाज आहे. लोक इथे दोन ठिकाणी फसतात. अॅप लावतात पण गुगलच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये फोन नंबर तसाच ठेवतात, मग चोर 'दुसऱ्या पद्धतीने' वर टॅप करून एसएमएसच मागवणार. नंबर तिथून काढावा लागतो. दुसरं म्हणजे त्या अॅपचा बॅकअप त्याच गुगल खात्यात, फोन गेला की खात्यात शिरायला कोड पाहिजे आणि कोड खात्यात, बसा आता. गुगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, ते कागदावर लिहून घरी ठेवा. दाजींचे रेशन कार्डाच्या पिशवीत आहेत. व्हॉट्सअॅपला पण आत टू-स्टेपचा सहा आकडी पिन लावा, म्हणजे नुसत्या ओटीपीवर कोणी तुमचं व्हॉट्सअॅप उघडून नातेवाइकांकडे पैसे मागायला लागणार नाही.

तर ठरवताना क्रम असा, ईमेलचं सगळ्यांनीच करा, आजच करा. दुसरं सिम तेव्हा, जेव्हा यूपीआयच्याच खात्यात इतके पैसे पडून असतात की ते चार दिवस अडकले किंवा गेले तर झोप उडेल. विद्यार्थी असाल, खात्यात चार-पाच हजार, तर सिम पिन आणि चौथा पर्याय भरपूर झाला, दुसऱ्या सिमचा रिचार्ज विसरण्याचा धोकाच मोठा.

आणि नेटवर्कचं लक्ष ठेवा. शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्यावर फक्त 'इमर्जन्सी कॉल्स' दिसतंय, किंवा न मागता सिम बदलायचा मेसेज आला, तर फोन रिस्टार्ट करत बसू नका, दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला लावून सिम बंद करा, मग बँक, आणि पैसे गेले असतील तर 1930. एसएमएसचे ते 24 तास तुमच्याच बाजूने मोजले जात असतात. बँकेला कळवायला उशीर करू नका, तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भुर्दंड नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात घातला होता.

आधारला कुठला नंबर ठेवायचा यावर ताई आणि दाजींचं अजून एकमत नाही. मी कपाटातला म्हणतोय, कारण आधार ओटीपीवर फार काही उघडतं. दाजी म्हणतात मग दरवेळी रिटर्न भरायला घरी पळायचं का. रिटर्न वर्षातून किती वेळा भरता विचारलं तर गिऱ्हाइक आलं म्हणून फोन ठेवला.