‘साहेब, औषध तेच आहे’: ऑनलाइन मेडिकलचा गेल्या दिवाळीपासूनचा अनुभव

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण दोन-तीन ॲप वापरून पाहिली आणि सगळ्यांचं वळण एकच आहे. आई साताऱ्याला, मी पुण्यात. तिची अँजिओप्लास्टी झाल्यापासून दर महिन्याच्या गोळ्या मी इथून मागवतो. सवलत, घरपोच, बिल वगैरे सगळ्यांना माहीतच आहे. डिलिव्हरी वेळेत येते, बॉक्स धड असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एका चौकोनाबद्दल. ‘उपलब्ध नसल्यास पर्यायी औषध चालेल’ असं लिहिलेला, आणि आधीच टिक करून ठेवलेला.

झालं असं की आईचा फोन आला. “अरे, हे पाकीट निराळंच दिसतंय. आजची गोळी घेऊ का?” व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. स्ट्रिपवर मेटोप्रोलोल 50. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही मेटोप्रोलोल 50, पण त्यापुढे ‘एक्सएल’ आणि सकाळी एक. आलेल्या स्ट्रिपवर ती दोन अक्षरं कुठेच नव्हती. जुन्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या शिल्लक होत्या, म्हणून नवीन उघडू नकोस एवढंच सांगितलं आणि कस्टमर केअरला फोन लावला.

तिथला मुलगा ठाम. “साहेब, दोन्ही मेटोप्रोलोल 50च आहे. कंपनी फक्त वेगळी आहे.” मी म्हटलं, आधीचं सक्सिनेट आहे, हे टार्ट्रेट आहे. तर म्हणतो, “तुमच्या जुन्या स्ट्रिपवरपण टार्ट्रेटच लिहिलंय, वाचा.” वाचलं, तर खरंच लिहिलेलं!

इथे जरा थांबायला हवं, कारण हा घोळ घरोघरी होऊ शकतो. मेटोप्रोलोलचे दोन क्षार मिळतात. टार्ट्रेटची साधी गोळी पोटात गेल्यावर लगेच सगळी विरघळते आणि तिचा असर दिवसभर टिकत नाही, म्हणून ती बहुतेक वेळा दिवसातून दोनदा देतात. सक्सिनेटची गोळी हळूहळू सुटणारी, म्हणजेच एक्सएल असते, ती दिवसातून एकदा पुरते. आता गंमत अशी की सक्सिनेटची ताकद मोजताना माप टार्ट्रेटचं धरतात. त्यामुळे स्ट्रिपवर असं छापलेलं असतं: मेटोप्रोलोल सक्सिनेट 47.5 मिलिग्रॅम, म्हणजेच मेटोप्रोलोल टार्ट्रेट 50 मिलिग्रॅमइतकं, एक्सटेंडेड रिलीज. त्या मुलाने मधलाच तुकडा उचलला. ‘टार्ट्रेट 50’ हे शब्द दोन्ही स्ट्रिपांवर आहेत, पण एकीवर ते औषधाचं नाव आहे आणि दुसरीवर नुसतं माप.

साधी गोळी आईने सकाळी एकच घेतली असती तर 50चा सगळा डोस एकदम उतरला असता. चक्कर येऊ शकते, नाडी मंदावू शकते. आणि रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत औषधाचा असर जवळपास ओसरलेला. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचं हे औषध असं मधेच तुटलेलं बरं नाही, डॉक्टर ते बंद करतानासुद्धा टप्प्याटप्प्यानेच करतात.

मग फोन फार्मासिस्टबाईंकडे गेला. त्यांना पहिल्याच वाक्यात कळलं, हे सांगितलंच पाहिजे. घोळ कुठे झाला तेही त्यांनीच शोधलं. चिठ्ठी सहा महिन्यांपेक्षा जुनी म्हणून ॲपने नाकारली होती आणि त्यांच्याच डॉक्टरांचा फोन आला होता. मिनिटभराचं बोलणं, बीपी किती, त्रास आहे का, संपलं. त्यांनी जी नवीन चिठ्ठी दिली ती आमच्या डॉक्टरांची पाहून नव्हे, कार्टमध्ये जे होतं ते पाहून टाइप केलेली होती. आणि कार्टमध्ये तोवर पर्यायी गोळी येऊन बसली होती. म्हणजे कागदोपत्री सगळं चोख: चिठ्ठीत जे आहे तेच पाठवलं!

एरवी हे चालत नाही. औषध नियम, 1945 मधला नियम 65 सांगतो की शेड्यूल एचमधल्या औषधाची चिठ्ठी असेल तर विक्रेत्याने त्याऐवजी दुसरं औषध देऊ नये, घटक तोच असला तरीही. गल्लीतले मेडिकलवालेही ‘त्याच कंटेंटचं’ देतातच म्हणा, पण निदान तोंडावर विचारतात. इथे तो चौकोन तुमच्या वतीने हो म्हणून मोकळा होतो.

तिथून मी पर्यायी औषध या प्रकारावरच डूख धरला होता. आईच्या कार्डिऑलॉजिस्टनी तो उतरवला. कोलेस्टेरॉलची रोसुवास्टॅटिन 10 वेगळ्या कंपनीची आली होती, तीही परत करायला निघालो होतो. ते म्हणाले, “ही खुशाल घ्या. साधी गोळी आहे, घटक तोच, ताकद तीच. मेटोप्रोलोलचं मात्र एक्सएल सोडायचं नाही.” ती पर्यायी रोसुवास्टॅटिन जवळपास निम्म्या भावात पडते. आजही तीच मागवतो. तेव्हा पर्याय वाईट नाही, न विचारता दिलेला पर्याय वाईट.

भावाबद्दल आणखी एक. ‘स्वस्त पर्याय’ म्हणून दाखवतात तेव्हा स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजा. दुसऱ्या एका औषधाची आमची मूळ स्ट्रिप 15 गोळ्यांची होती, 135 रुपयांना. पर्याय 98 रुपयांना, पण 10 गोळ्यांचा. म्हणजे 9 रुपयांची गोळी सोडून 9 रुपये 80 पैशांची घ्यायची आणि वर ‘तुम्ही वाचवले 37 रुपये’ अशी हिरवी पट्टी बघून खूश व्हायचं.

आता आमची पद्धत ठरली आहे. तो चौकोन दर ऑर्डरला मी उघडून पाहतो, कारण काढलेली टिक परत येते. त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली की पैसे भरण्याआधी आमच्या चिठ्ठीशेजारी ठेवून वाचतो. नावामागची एक्सएल, ईआर, एसआर ही शेपटी दोन्हीकडे सारखी हवी. साताऱ्याला डिलिव्हरीवाला आला की ओटीपी आधी मागतो, तर आईला सांगून ठेवलंय: आधी पिशवी उघड, फोटो पाठव, मग आकडा सांग. मुलं कुरकुरतात, पण थांबतात. फोटोत मी घटकाची बारीक ओळ वाचतो, एक्सपायरी बघतो आणि बॅच नंबर बिलाशी ताडून घेतो. स्ट्रिप कापून दिलेली असेल आणि एक्सपायरीचा तुकडाच गायब असेल तर घेत नाही. एकदा ओटीपी दिला की पुढचं सगळं ‘रिटर्न रिक्वेस्ट’च्या रांगेत जातं, आणि उघडलेली स्ट्रिप तर कुणी परतच घेत नाही.

पाचपैकी तीन तारे. एक कापला चौकोनासाठी. दुसरा रिफंडसाठी: पैसे बँकेत न देता वॉलेटमध्ये टाकले, आणि ते वापरायला पाचशेच्या वरची ऑर्डर लागते. मेटोप्रोलोल आता आई स्वतः कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणते, त्यामुळे आमची ऑर्डर पाचशेपर्यंत जातच नाही.