एफओबी, सीआयएफ की डीडीपी? माल दारात नेमका कितीला पडतो

परदेशी पुरवठादार एकाच वस्तूचे तीन भाव पाठवतो. एफओबी २० डॉलर, सीआयएफ २०.४० डॉलर, डीडीपी २८.५० डॉलर. पहिल्यांदा आयात करणारा माणूस बहुतेक वेळा मधला भाव उचलतो. चाळीस सेंटमध्ये जहाजाचं भाडंही आलं आणि विमाही आला, मग आणखी काय हवं? पण हे तीन भाव तीन वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात, त्यामुळे नुसते शेजारी मांडून त्यांची तुलना होत नाही. तिन्ही भाव आपल्या गोदामाच्या दारापर्यंत आणायचे आणि मगच ठरवायचं.

कोणता भाव कुठे थांबतो ते आधी पाहू. एफओबीमध्ये विक्रेता त्याच्या बंदरात माल जहाजावर चढवून देतो. पुढचं भाडं, विमा, शुल्क सगळं आपलं. सीआयएफमध्ये आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विक्रेता भरतो. जोखीम मात्र एफओबीसारखीच माल जहाजावर चढताक्षणी आपल्याकडे येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डीडीपीमध्ये शुल्क आणि कर भरून माल आपण सांगू त्या जागी आणून देणं ही विक्रेत्याची जबाबदारी.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा ४०० टेबल लॅम्प मागवायचे आहेत. एका खोक्यात ८ नग, म्हणजे ५० खोकी. खोकं ६० × ५० × ४० सेंटिमीटरचं, म्हणजे ०.१२ घनमीटर, सगळी मिळून ६ घनमीटर. एका खोक्याचं वजन १६ किलो, एकूण ८०० किलो. एवढ्या मालाने कंटेनर भरत नाही, म्हणून तो इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून, म्हणजे एलसीएलने येणार. एलसीएलमध्ये १ घनमीटर आणि १ टन यांतला जो आकडा मोठा, त्यावर भाडं लागतं. इथे ६ घनमीटर विरुद्ध ०.८ टन, म्हणून ६ एककांचे पैसे. सीमाशुल्क १० टक्के आणि आयातीवरचा मूल्यवर्धित कर १५ टक्के धरू. हा कर भाडं-विम्यासह मालाची किंमत अधिक सीमाशुल्क, एवढ्याच रकमेवर धरला आहे. खालचे दर उदाहरणापुरते आहेत, आपापल्या कोटेशनचे आकडे त्या जागी घालावेत.

| खर्च (डॉलर) | एफओबी | सीआयएफ | डीडीपी |
|---|---|---|---|
| पुरवठादाराचं बिल | ८,००० | ८,१६० | ११,४०० |
| समुद्री भाडं | ३६० | बिलात | बिलात |
| विमा | ४० | बिलात | जोखीम विक्रेत्याची |
| सीमाशुल्क १०% | ८४० | ८१६ | बिलात |
| आपल्या बंदरावरची हाताळणी आणि कागदपत्रं | ३३० | ९२० | बिलात |
| कस्टम एजंट | १५० | १५० | बिलात |
| गोदामापर्यंत वाहतूक | १८० | १८० | बिलात |
| बेरीज | ९,९०० | १०,२२६ | ११,४०० |
| आयातीवरचा कर १५% | १,३८६ | १,३४६ | बिलात |
| करासह बेरीज | ११,२८६ | ११,५७२ | ११,४०० |

पहिल्या तीन ओळींपर्यंत सीआयएफ स्वस्त दिसतो: ८,४०० विरुद्ध ८,१६०, म्हणजे २४० डॉलरचा फायदा. शुल्कातही २४ डॉलर वाचतात. मग हाताळणीच्या एकाच ओळीत ५९० डॉलर जास्त जातात आणि शेवटी तोच माल ३२६ डॉलरने महाग पडतो. नगामागे एफओबी २४.७५, सीआयएफ २५.५७.

ही ओळ एवढी का फुगते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सीआयएफमध्ये फॉरवर्डर, म्हणजे मालाची वाहतूक ठरवून देणारा मध्यस्थ, निवडतो विक्रेता, कारण भाडं तो भरतो. त्याला अर्थातच स्वस्तातलं भाडं हवं असतं. एलसीएल माल एकत्र करणाऱ्या कंपन्या अशा वेळी भाडं जवळजवळ शून्यावर आणतात, काही मार्गांवर तर माल दिल्याबद्दल उलट पैसे देतात. ती भरपाई दुसऱ्या टोकाला होते. तिथे त्यांचा एजंट कंटेनर रिकामा करण्याचे, गोदामाचे, डिलिव्हरी ऑर्डरचे आणि कागदपत्रांचे दर वाढवून लावतो. ते भरतो आयातदार, आणि भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याचा आदेश, मिळत नाही. ऑर्डर नाही तर माल गोदामातून हलत नाही, आणि मोफत दिवस संपले की साठवणुकीचं भाडं रोज चढतं. घासाघीस करायला तेव्हा हातात काहीच नसतं. आमच्या उदाहरणात स्वतः नेमलेला फॉरवर्डर घनमीटरला ४५ डॉलर आणि कागदपत्रांचे ६० घेतो; समोरून लादलेला एजंट घनमीटरला १३० आणि कागदपत्रांचे १४०. काम दोघांचं सारखंच.

हे आधी ओळखता येतं. एफओबी आणि सीआयएफ यांतला फरक घ्यायचा, त्याला घनमीटरने भागायचं. इथे १६० भागिले ६, म्हणजे विम्यासकट २७ डॉलरही नाहीत, आणि आपला फॉरवर्डर नुसत्या भाड्याचे ६० सांगतो. एवढी तफावत दिसली की राहिलेले पैसे कुठून तरी वसूल होणार असं धरून चालावं. ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला आपल्या बंदरावरच्या एजंटचं नाव विचारावं आणि त्या एजंटकडून घनमीटरमागचे सगळे आकार, म्हणजे दर, लेखी मागवावेत. 'माल पोचल्यावर कळवू' असं उत्तर आलं तर मी सीआयएफ घेत नाही. माल पोचल्याची सूचना हातात पडते तेव्हा उशीर झालेला असतो.

विम्याच्या ओळीतही दोन्ही रकाने सारखे नाहीत. इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे एफओबी-सीआयएफसारख्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम, यांनुसार सीआयएफमध्ये विक्रेत्याने किमान संरक्षण दिलं तरी पुरतं. हे किमान म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस 'सी'. त्यात आग, जहाज बुडणं, रुतणं, टक्कर अशी ठराविक कारणंच येतात. खोकी फुटली, पाणी लागलं, चोरी झाली तर सहसा काही मिळत नाही. लॅम्पसारख्या मालाला भीती असते ती नेमकी याच गोष्टींची. एफओबीमध्ये आपण स्वतः क्लॉज 'ए' घेऊ शकतो. तो अंगभूत दोष किंवा अपुरं पॅकिंग अशा काही अपवादांखेरीज सर्व जोखमी झाकतो. मालाची किंमत अधिक भाडं, त्यावर आणखी १० टक्के, एवढ्या रकमेचा विमा काढायचा ही रूढ पद्धत. आमच्या मालाला ती रक्कम ८,३६० गुणिले १.१, म्हणजे सुमारे ९,२०० डॉलर. चाळीस डॉलरच्या आसपास हप्ता देऊन एवढं संरक्षण मिळत असेल तर इथे काटकसर करू नये. सीआयएफच घ्यायचा असेल तर 'ए' क्लॉज करारात लिहून घ्यावा आणि विम्याचं प्रमाणपत्र माल निघण्याआधी मागवावं.

शुल्काबद्दल एक बारकावा. शुल्क कोणत्या रकमेवर लागतं हे देशावर अवलंबून असतं. जागतिक व्यापार संघटनेचा मूल्यांकन करार आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा मूल्यात धरायचा की नाही, हे प्रत्येक देशावर सोडतो. युरोपीय संघ आणि भारत ते धरतात, अमेरिका धरत नाही. वरचा तक्ता ते धरणाऱ्या देशाचा आहे. न धरणाऱ्या देशात दोन्ही पर्यायांत शुल्क ८०० डॉलरच येईल, कारण सीआयएफ बिलातून भाडं आणि विमा वजा होतो. पण त्यासाठी बिलावर ते वेगळे दाखवलेले हवेत. दर ठरतो एचएस कोडवरून, म्हणजे वस्तूच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून. त्याचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे अंक आपल्या देशाचे. पुरवठादाराने दिलेला कोड म्हणून जसाच्या तसा वापरू नये. आपल्या कस्टम एजंटकडून तपासून घ्यावा, कारण दर चुकला तर हिशेबातली एक मोठी ओळच चुकते.

आता डीडीपी. बेरजेच्या ओळीत तो पंधराशे डॉलरने महाग दिसतो, पण ती तुलना अपुरी आहे, कारण त्याच्या बिलात कर आधीच मिसळलेला आहे. आयातीवर भरलेला कर ज्याला विक्रीच्या करातून वळता करता येतो, त्याच्यासाठी १,३८६ हा खर्च नाही, फक्त काही आठवडे अडकलेले पैसे आहेत. त्याने ९,९०० आणि ११,४०० यांचीच तुलना करावी आणि डीडीपी सोडून द्यावा. डीडीपीमध्ये कर सहसा दुसऱ्याच्या नावावर भरला जातो, त्यामुळे वजावटीला लागणारा कागद आपल्या हाती येत नाही. उलट ज्याची करनोंदणी नाही, त्याला कर हा खराच खर्च. त्याने शेवटची ओळ बघावी. तिथे डीडीपी एफओबीपेक्षा फक्त ११४ डॉलर जास्त आहे आणि सीआयएफपेक्षा कमी. एवढ्या रकमेत फॉरवर्डर, एजंट आणि विमा यांची धावपळ टळत असेल तर डीडीपी घेणं शहाणपणाचं आहे.

पण डीडीपीचा भाव आपल्या करासह बेरजेपेक्षा बराच खाली आला, समजा ९,५०० डॉलर, तर मी आनंदण्याऐवजी थांबतो. वस्तू तीच, शुल्क तेच, मग सुमारे अठराशे डॉलर कुठून वाचले? बहुतेकदा मालाची किंमत कमी लिहून किंवा कमी दराचा कोड लावून. कस्टमच्या कागदावर आयातदार म्हणून आपलं नाव असेल तर पुढे चौकशी झाल्यावर फरकाचं शुल्क आणि दंड आपल्याकडूनच मागितला जातो. म्हणून आयातदार म्हणून कोणाचं नाव लागणार आणि कोणती किंमत जाहीर होणार, हे दोन प्रश्न विचारावेत आणि जाहीर केलेल्या कागदाची प्रत मागावी. प्रत द्यायला नकार आला तर सौदा सोडावा.

नगामागचा आकडा काढताना भागाकार मागवलेल्या नगांनी नाही, विकण्याजोग्या नगांनी करावा. चारशेपैकी आठ लॅम्प फुटलेले निघाले आणि भरपाई मिळाली नाही, तर ९,९०० भागिले ३९२, म्हणजे २५.२६ डॉलर. दोन टक्के फुटीनेच नगामागे अर्धा डॉलर गेला. एकाच खेपेत वेगवेगळ्या वस्तू असतील तर शुल्क प्रत्येक वस्तूच्या किमतीवर तिच्या दराने लावावं. भाडं आणि हाताळणी मात्र घनमीटरच्या प्रमाणात वाटावी. सगळा खर्च किमतीच्या प्रमाणात वाटला तर स्वस्त पण अवजड वस्तू हिशेबात फायद्याची दिसते आणि प्रत्यक्षात तोट्यात विकली जाते.

माल वाढला की हे चित्र बदलतं. साधारण १२ ते १५ घनमीटरच्या पुढे वीस फुटी कंटेनर पूर्ण घेण्याचा भावही मागवून बघावा. पूर्ण कंटेनरमध्ये माल एकत्र करणारा मध्यस्थ नसतो आणि बंदरावरचे मुख्य आकार शिपिंग लाइनच्या ठरलेल्या दरपत्रकाने लागतात, त्यामुळे तिथे सीआयएफमधली ही वसुली अवघड होते. शिवाय रोज कंटेनर पाठवणाऱ्या मोठ्या पुरवठादाराला भाड्याचा दर आपल्यापेक्षा खरोखर चांगला मिळतो. तिथे सीआयएफचा भाव खराच स्वस्त असू शकतो, आणि बंदरावरचे आकार लेखी मिळाले तर मी तोच घेतो.