पोदेइस की प्वेदेन? स्पॅनिशमधला एक साधा मेसेज

मेसेज एवढाच आहे: उद्या येऊ शकाल का सगळे? फोन गाडीत राहिलाय, मी बस पकडून येतो.

स्पेनमधला माणूस लिहील 'पोदेइस वेनिर मान्याना? ए देहादो एल मोबिल एन एल कोचे, कोखो एल आउतोबुस'. मेक्सिकोवाला 'प्वेदेन वेनिर' म्हणेल, मोबिलचा सेलुलार होईल, 'ए देहादो' ऐवजी नुसतं 'देहे', आणि बसला कामियोन. अर्जेंटिनात गाडी म्हणजे आउतो आणि बस म्हणजे कोलेक्तिवो किंवा बोंदी. तिथे एकट्या मित्राला विचारायचं तर 'पोदेस वेनिर', म्हणजे स्पेनच्या अनेकवचनी 'पोदेइस'मधला फक्त 'इ' गाळला की झालं तिकडचं एकवचन, घाईत टाइप करताना माझी यात हमखास गल्लत व्हायची.

मी शिकलो स्पेनच्या पुस्तकातून आणि काम पडलं मेक्सिकोच्या टीमबरोबर. शब्दांचं काही वाटलं नाही, आठवड्याभरात बदलले. 'कोखेर' मात्र लगेच सोडलं, कारण स्पेनमध्ये बस 'पकडायला' वापरतात तो शब्द मेक्सिको आणि अर्जेंटिनात चारचौघांत बोलण्यासारखा नाही, 'तोमार' लिहावं, ते सगळीकडे चालतं.

माझा खरा वैताग होता 'वोसोत्रोस'चा. मित्रमंडळींसाठीचं हे 'तुम्ही' रोजच्या बोलण्यात वापरतो तो मुख्यतः स्पेनच, आणि त्यासाठी प्रत्येक क्रियापदाचं 'पोदेइस'सारखं वेगळं रूप, वर 'तुम्हाला' आणि 'तुमचा' यासाठी 'ओस', 'व्वेस्त्रो', आज्ञार्थात 'वेनिद', एवढं लचांड. वर्षभर घासून पाठ केलं आणि ग्रुपवर 'ओस मांदो एल आर्चीबो' म्हणजे 'फाइल पाठवतोय' लिहिलं, तर एक सहकारी हसत म्हणाला, चर्चमधल्या प्रवचनासारखं वाटतंय रे. बरं, चूक काहीच नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

उलट लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस', म्हणजे 'प्वेदेन'वालं 'तुम्ही', मित्रांनाही आणि साहेबांनाही चालतं, आपलं 'तुम्ही' जसं दोन्हीकडे धावतं अगदी तसंच, त्यामुळे मराठी डोक्याला ते फार सोपं जातं. स्पेनमधल्या मैत्रिणीला आणि तिच्या भावाला मी आता 'प्वेदेन' असंच लिहितो, त्यांना थोडं औपचारिक वाटत असेल कदाचित, पण हसत कोणी नाही. आणि कॅनरी बेटांवर, पश्चिम अंदालुसियात तर घरच्या माणसांनाही 'उस्तेदेस'च म्हणतात.

तुम्ही माद्रिदला शिकायला चाललात तर माझं ऐकू नका, तिथे वोसोत्रोस लागेलच. बाकी कुणी विचारलं तर मी मेक्सिकोकडे बोट दाखवतो, फक्त कामियोन सोडून, कारण स्पेनमध्ये कामियोन म्हणजे ट्रक. 'आउतोबुस' लिहा, मेक्सिकोतही कळतं.