प्रबंधाला १२ महिने की १८?

शाळेची नोकरी सांभाळून प्रबंध लिहायचा, तर १२ महिन्यांचं वेळापत्रक कागदावर छान दिसतं, पण ते विद्यार्थ्यांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीच्या मंजुरीवर अडतं. मंजुरी लांबली की सुट्टी लागते, वर्गात मुलंच नसतात आणि माहिती गोळा करणं थेट पुढच्या सत्रात जातं.

१८ महिन्यांत पहिले ४ प्रस्ताव आणि मंजुरीला, पुढचे ५ वाचन आणि वर्गनिरीक्षणाला, ३ विश्लेषणाला, ४ लेखनाला, तर शेवटचे २ मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांना मिळतात. पेपर तपासणीच्या आठवड्यांत काहीच ठेवू नका. मुलाखती उतरवून काढायचं काम सुट्टीत उरका. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला चार-पाच तास सहज जातात.

मी १८ महिनेच घेईन. संशोधन विद्यार्थ्यांवर नसून उपलब्ध कागदपत्रांवर असेल, तरच १२ पुरतील.