बायकोच्या बोलण्याची नोंद: जवळजवळ वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

बायको बोलता बोलता जे सहज सांगून जाते ते फोनमध्ये टिपून ठेवायचं आणि सणावाराची भेट त्यातूनच निवडायची, हे मी गेल्या संक्रांतीपासून करतोय. मधे दिवाळीचा पाडवा होऊन गेला, त्यामुळे या पद्धतीची खरी परीक्षाही झाली. ज्यांच्या घरी ‘मला काही नको’ हे ठरलेलं उत्तर मिळतं, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

माझ्या बायकोला वस्तूंची आवड नाही असं मुळीच नाही. तिला वस्तूंमधलं कळतं, म्हणून ती पटकन भाळत नाही. माहेर सोलापूरचं. कापड दोन बोटांत धरलं की सुती किती, रेशीम किती याचा अंदाज तिला येतो. न आवडलेल्या भेटीला ती नावं ठेवत नाही. ‘छान आहे’ म्हणते, आणि ती वस्तू त्याच पिशवीतून कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. ऑक्टोबरमध्ये ‘पाडव्याला काय हवं?’ असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही. पण फेब्रुवारीत भाजी निवडताना, मे महिन्यात कोणाच्या लग्नातून परत येताना ती इतकं नेमकं बोलते की त्यावरून थेट ऑर्डर देता येईल. अडचण एवढीच, की ते ऑक्टोबरपर्यंत माझ्या डोक्यात राहत नाही. नोंदीची गरज तिथे आहे.

साधन अगदी साधं आहे. गुगल कीपमध्ये एकच नोंद, नवीन मजकूर सर्वांत वर. मराठीत टाइप होतं, कंटाळा आला तर बोलून लिहिता येतं, आणि ‘पदर’ असं शोधलं की सापडतं. मात्र यात एका नोंदीला वेगळं कुलूप लावता येत नाही, आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणावर ती नोंद उघडते. घरातल्या टॅबलेटवर माझं खातं होतं, ते मी पहिल्याच आठवड्यात काढलं. आठवण लावायची असेल तर तीही सगळीकडे वाजते, म्हणून तारखांच्या आठवणी मी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये ठेवतो. ज्यांचा फोन घरात सगळे हाताळतात त्यांनी सरळ ऑफिसच्या ड्रॉवरमधली वही वापरावी, काही बिघडत नाही.

खरा प्रश्न काय लिहायचं हा आहे. मी तीन गोष्टी लिहितो: तिचे शब्द जसेच्या तसे, त्या वेळी तिच्या समोर किंवा हातात काय होतं, आणि तो विषय तिने पुन्हा काढला का. यात पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘इरकल आवडतं’ असं लिहून ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य, कारण दुकानात इरकल म्हणून शंभर साड्या समोर येतात. तिचे शब्द मात्र त्यातल्या नव्व्याण्णव बाजूला काढतात.

पाडव्याच्या साडीच्या नोंदी इथे देतो म्हणजे कळेल.

जानेवारी, हळदीकुंकवाहून परत येताना: ‘काकूंची साडी इरकल नव्हती गं बाई, नुसती इरकलसारखी. पदराला जोडच नाही. लालमध्ये काळं डोकावत होतं.’ (हे रिक्षात मुलीशी बोलताना. मी शेजारीच होतो.)

मार्च, कपाट आवरताना, आईचं नऊवारी हातात धरून: ‘काठ बघ कसा आहे अजून. अंग विरलं, पण पदर तसाच.’

जून, एका लग्नाहून आल्यावर: ‘रेशमी नेसली की दिवसभर सांभाळत बसा. सुतीत जीव मोकळा राहतो.’

ऑगस्ट, दुकानासमोरून जाताना: ‘मोरपंखी नको आता, सगळ्यांकडे तोच. चंद्रकळाच घ्यावी कधीतरी.’

आठ महिन्यांत विखुरलेली चार वाक्यं. एकेकट्या वाक्यावरून काहीच विकत घेता येत नाही. पण गणपतीत ती एकाखाली एक वाचली तेव्हा साडी समोर उभी राहिली: काळं सुती अंग, लाल पदर, आणि तो पदर खराखुरा जोडलेला.

जोडाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळं त्यावर अवलंबून होतं. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची साडी. तिथल्या पारंपरिक हातमागावर अंगाचा ताणा म्हणजे उभे धागे वेगळे आणि पदराचा ताणा वेगळा असतो, आणि दोन्हीचे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडतात. यालाच टोप पदर म्हणतात. त्यामुळे अंग काळं असलं तरी पदर उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांनी लाल विणला जातो आणि पांढऱ्या पट्ट्या स्वच्छ उठून दिसतात. जोड नसेल तर अंगाचे काळे उभे धागे तसेच पदरात शिरतात, आणि आडवा बाणा कितीही लाल घातला तरी रंग मळकट दिसतो. बायकोने रिक्षात जे एका वाक्यात सांगितलं ते हे. नोंदीत मी फक्त ‘काकूंची साडी आवडली नाही’ असं लिहिलं असतं तर दुकानदाराला काय विचारायचं हेच कळलं नसतं.

या जोडाचा आणखी एक परिणाम असा, की ताणा एकेका साडीपुरताच लावावा लागतो. म्हणून मनासारखा रंग आणि काठ हवा असेल तर पुरेसा वेळ हाताशी ठेवून सांगावं लागतं. सोलापुरातल्या ओळखीतून एका विणकराशी फोनवर बोललो. त्यांनी पहिलंच विचारलं, सहावार की नऊवार? अंग सुती की रेशीम मिसळलेलं? पदर अस्सल रेशमाचा की चमकीचा? तीनही उत्तरं नोंदीत होती. तिसरं थेट नव्हतं, पण ‘पदर तसाच’ या शब्दांवरून आईच्या साडीचा पदर पाहिला, तो रेशमाचा निघाला. लांबी ठरवताना जुनी एक ओळ कामी आली: ‘या साडीत निऱ्या पुरत नाहीत मला.’ म्हणून तिच्या नेहमीच्या, निऱ्या नीट बसणाऱ्या साडीची लांबी टेपने मोजून कळवली. ब्लाऊज शिवून घेतलं नाही. ‘आयतं ब्लाऊज कधीच बसत नाही’ हेही लिहिलेलं होतं, म्हणून खणाचं कापड तेवढं घेतलं.

साडी आल्यावर आधी मी तपासली. पदर सुरू होतो तिथे उलट्या बाजूने बोट फिरवलं की जोडाची ओळ हाताला लागते, आणि दोन्ही रंगांचे फासे जवळून दिसतात. पाडव्याला ओवाळून झाल्यावर तिने घडी उघडली आणि काठाकडे न बघता थेट पदर उलटा केला. जोडावर अंगठा फिरवला. मग विचारलं, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, ‘तूच.’ भाऊबीजेला माहेरी जाताना तीच साडी नेसली. माझ्या लेखी भेट पसंत पडली का याची खूण हीच, पहिल्या आठवड्यात वापरात आली का. तोंडाने काय म्हणाली यावर मी जात नाही.

आता ज्या गोष्टी वापरता वापरता लक्षात आल्या त्या.

तक्रार आणि इच्छा वेगळ्या ठेवा. ‘मिक्सर किती आवाज करतो’, ‘विळीला धार राहिली नाही’ ही भेटीची सूचना नव्हे, घरातलं काम आहे. ते त्याच आठवड्यात उरकायचं. वर्षभर विळीची बोंब ऐकून घ्यायची आणि वाढदिवसाला नवी विळी कागदात गुंडाळून द्यायची हे मला अन्यायाचं वाटतं. सुरुवातीला माझ्या नोंदीत निम्म्या ओळी अशाच होत्या. त्या काढून कामाच्या यादीत टाकल्यावर मूळ नोंद वाचनीय झाली.

कौतुक कुणासमोर केलं तेही पाहा. यजमानीणबाईंसमोर ‘किती सुरेख आहे हो’ म्हटलं तर तो शिष्टाचार असू शकतो. घरी येऊन चप्पल काढताना पुन्हा तोच विषय निघाला तरच मी लिहितो.

‘नको’ची यादी मला सर्वांत जास्त उपयोगी पडली. मोरपंखी नको, पुसत बसावी लागेल अशी शोभेची वस्तू नको, हाताला लावायचं वासाचं क्रीम नको. दुकानात विक्रेता आग्रह करायला लागला की ही यादी उघडतो. निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो.

नोंदी शिळ्याही होतात. बिडाच्या तव्याबद्दल ती दोनदा बोलली होती, आईकडच्या तव्यावर घावन कसं सुटायचं वगैरे. मग जत्रेत तिने स्वतःच तवा घेतला. अशी ओळ मी पुसत नाही, पुढे ‘घेतला’ एवढंच लिहितो, कारण पुढची इच्छा तिथूनच निघते. आता तव्यावर बसेल असं जड झाकण मिळत नाही अशी तिची कुरकुर आहे. खरेदी करण्याआधी दोन-तीन दिवस मुलीकडून अंदाज घेतो, आईने एवढ्यात काही मागवलंय का.

एक बंधन मी पाळतो. जे माझ्याशी किंवा माझ्यासमोर बोललं गेलं तेवढंच लिहायचं. तिच्या फोनमध्ये काय शोधलं होतं, बहिणीला काय पाठवलं होतं, तिकडे बघायचं नाही. आणि ती बोलत असताना फोन काढायचा नाही, बोलणं तिथेच थांबतं. रात्रीपर्यंत वाट पाहिली तर नेमके शब्द निसटतात. म्हणून पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन दोन शब्द टाकतो, ‘जोड, काळं’ एवढेच, आणि बाकीचं झोपण्याआधी पूर्ण करतो.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही सांगतो. माप लागणाऱ्या वस्तूला शब्द पुरत नाहीत. बांगड्यांचंच घ्या. बांगडीचं माप इंच आणि इंचाचे सोळावे भाग असं असतं. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, सुमारे 57 मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे साधारण 60, दोन-आठ म्हणजे अडीच इंच, 63.5. आणि दोन-दहा हे दोन-आठपेक्षा मोठं, दशांश समजून वाचलं तर उलटंच वाटतं. तिच्या रोजच्या बांगड्या दोन-सहाच्या आहेत, तसं नोंदीत लिहिलंय. पण सप्टेंबरमधली ओळ आहे: ‘पाटल्या काढताना साबण लावावा लागतो हल्ली.’ काचेची बांगडी हातावर चढते म्हणून त्याच मापाची सोन्याची पाटली बसेलच असं नाही, जाड आणि रुंद असली तर आणखी मोकळी लागते. येत्या लग्नाच्या वाढदिवसासाठी पाटल्या मनात आहेत, तर दोन-आठची साधी काचेची जोडी आधी घरात आणून ठेवणार आहे. ती त्या भरते आणि काढताना साबण लागत नाही असं दिसलं, की सोनाराला माप सांगेन.