एअरपॉड्स प्रो २ ची ‘फर्स्ट कॉपी’: काही महिन्यांच्या वापरानंतर

बॉक्स बघून ही कॉपी ओळखू येत नाही, हे आधीच सांगतो. छपाई, प्लास्टिक, झाकणाचा ‘टक’ आवाज, सगळं जवळपास जुळतं. बॉक्सवरचा सिरीयल नंबर Apple च्या साइटवर टाकला तर तोही खरा निघू शकतो, कारण एकाच अस्सल जोडीचा नंबर कित्येक बॉक्सवर छापतात. भारतात विकायच्या बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि बीआयएसचा R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक BIS Care अ‍ॅपमध्ये टाकून बघा. अर्थात तोही कुणी उचलून छापू शकतं, त्यामुळे जुळला म्हणून लगेच पैसे देऊ नका.

पेअरिंगचा पॉपअपही फसवा. झाकण उघडताच आयफोनवर चित्र येतं, बॅटरीची टक्केवारीसुद्धा दिसते. iOS 16 पासून नकली जोडीवर ‘अस्सल असल्याची खात्री करता आली नाही’ असा इशारा येऊ शकतो. पण इशारा आला नाही म्हणजे माल अस्सल, असंही नाही. जोडल्यावर सेटिंग्ज > ब्लूटूथमध्ये नावापुढचं ⓘ दाबा आणि खाली सिरीयल नंबरवर टॅप करत राहा. डावा, उजवा आणि केस यांचे नंबर वेगवेगळे यायला हवेत. फर्मवेअरची आवृत्तीही टिपून ठेवा. अस्सल जोडीत ती अधूनमधून बदलते, कॉपीत महिनोन्‌महिने तीच राहते.

खरा निकाल कान देतात. पंखा फुल्ल करा किंवा लोकलमध्ये बसा, गाणं बंद ठेवा आणि नॉइज कॅन्सलेशन चालू-बंद करा. अस्सलमध्ये खालच्या सुरातली घरघर चटकन विरते. कॉपीत घरघर तशीच राहते, वर बारीक सूंऽऽ मात्र ऐकू येतं. गाण्यात बास फुगवलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी आवाज ‘भारी’ वाटतो. मग तबला आणि गायकाचा आवाज एकमेकांत मिसळलेले कळायला लागतात. दुकानातच करता येईल अशी आणखी एक चाचणी: गाणं चालू ठेवून एक इअरबड कानातून काढा, गाणं थांबेल. आता तो कापडात गुंडाळा. प्रो २ चा सेन्सर त्वचा ओळखतो, म्हणून गाणं परत सुरू व्हायला नको. साधा प्रकाश-सेन्सर लावलेली कॉपी मात्र कापडालाच कान समजते.

बॅटरीच्या दाव्यांबद्दल काय बोलावं! ‘केसमध्ये २२०० एमएएच, ३०० तास’ अशी जाहिरात दिसते. एवढी क्षमता असलेला १८६५० मापाचा नेहमीचा लिथियम सेल एकटाच सुमारे ४५ ग्रॅमचा असतो, आणि प्रो २ ची अख्खी केस ५०.८ ग्रॅमची आहे. म्हणजे आकडा कागदावरच राहतो. Apple स्वतः नॉइज कॅन्सलेशनसह ६ तास आणि केस धरून ३० तास सांगते. कॉपीत सुरुवातीलाच याच्या निम्मा वेळ मिळाला. नंतर डावा इअरबड उजव्याच्या आधी मान टाकू लागला आणि टक्केवारी चाळीसवरून थेट दहावर यायला लागली. म्हणून परत करायची मुदत संपायच्या आत दोन्ही १०० टक्के चार्ज करा, आवाज निम्म्यावर ठेवा आणि घड्याळ लावून सलग वाजवा. दोन्ही बाजू काही मिनिटांच्या फरकाने संपल्या नाहीत, तर जोडी परत द्या.