६७५ एक्सची दुर्बीण आणि तिच्या नळीतली काळी चकती

गेल्या वर्षी जानेवारीत मी सातवीत शिकणाऱ्या मुलीसाठी मुंबईतल्या एका दुकानातून साडेआठ हजार रुपयांची दुर्बीण घेतली. खोक्यावर शनीचे रंगीत चित्र होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘६७५ एक्स’, म्हणजे ६७५ पट मोठे दाखवणारी, असे छापलेले होते. शेजारी ठेवलेली थोडी महाग दुर्बीण फक्त ‘१३० एक्स’ची होती, त्यामुळे मी कमी पैशांत पाचपट ताकद मिळवली, असे दुकानदाराने मला सांगितले आणि मीही ते मानले. त्या महाग दुर्बिणीचा आरसा ११४ मिलिमीटरचा होता आणि माझ्या दुर्बिणीचे पुढचे भिंग ६० मिलिमीटरचे, हे दोन्ही खोक्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ते वाचावे असे मला सुचले नाही.

डोंबिवलीच्या आमच्या गच्चीवरून त्या महिन्यात गुरू संध्याकाळीच रोहिणीजवळ छान वर आलेला असे. सोबत आलेल्या, डोळ्याशी लावायच्या २० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून तो आणि त्याचे चार चंद्र व्यवस्थित दिसले, मुलगी हरखून गेली. मग मी ४ मिलिमीटरची नेत्रिका लावली, तेव्हा गुरूचा तपकिरी, जांभळट कडेचा गोळा झाला. आणि खोक्यात आलेले, प्रतिमा तिप्पट मोठी करणारे बार्लो भिंग मध्ये बसवले, तेव्हा तर अंधारात एक मळकट डाग सरकत जाताना दिसला आणि जेमतेम पंधरा सेकंदांत तो दृष्टिक्षेत्राबाहेर निघून गेला. फोकसच्या चाकाला हात लावला की तिपाई अशी थरथरत असे की चित्र स्थिर होईपर्यंत तो डागही हाती लागत नसे.

मी दुकानात फोन केला. ‘साहेब, शहरात दिव्यांचा उजेड आहे, तिथे असंच दिसणार. गावाला नेऊन बघा,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर पटण्यासारखे असते, म्हणूनच ते दिले जाते. प्रत्यक्षात दिव्यांच्या उजेडाने आकाशाची पार्श्वभूमी उजळते आणि तेजोमेघ, दीर्घिका अशा फिकट, पसरट गोष्टी तिच्यात बुडतात. चंद्र आणि गुरू मात्र त्या पार्श्वभूमीपेक्षा इतके तेजस्वी असतात की त्यांच्यावर या उजेडाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. गुरू अस्पष्ट दिसतो तेव्हा दोष वरच्या हवेच्या हालचालीत असतो, नाहीतर दुर्बिणीत. रस्त्यावरच्या दिव्यांमध्ये नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हते, म्हणून अमावास्येनंतरच्या शनिवारी ती नळी खांद्याला लावून मी कर्जत लोकलने वांगणीला आकाशदर्शनासाठी गेलो.

वांगणीच्या आकाशात मृगातला तेजोमेघ माझ्या दुर्बिणीतूनही पंखासारखा पसरलेला दिसला, डोंबिवलीत तो बोटभर धूसर ठिपका होता. गुरू मात्र ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेत इथेही तसाच मळका होता. तिथे दुर्बिणी हाताळणाऱ्या एका मुलाने माझी नळी पाहिली आणि विचारले, ‘काका, आतली चकती बघितलीत का?’

त्याने जे केले ते कोणालाही घरी पाच मिनिटांत करता येते. आधी २० मिलिमीटरची नेत्रिका लावून दूरच्या ताऱ्यावर फोकस पक्का केला. मग फोकस न हलवता मोबाइलचा टॉर्च नेत्रिकेच्या मागे हातभर अंतरावर धरला आणि नळीच्या तोंडाशी एक कागद लावला. भिंगातून बाहेर पडलेले उजेडाचे वर्तुळ कागदावर उमटले, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून मोजपट्टी लावली, तर व्यास ४५ मिलिमीटर निघाला. भिंग खरोखर ६० मिलिमीटरचेच होते, खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. मात्र त्याच्या मागे नळीत प्लॅस्टिकची एक काळी चकती बसवलेली होती आणि तिच्या मधल्या भोकातून जाणाराच प्रकाश डोळ्यापर्यंत येत होता. व्यास तीन चतुर्थांश राहिला की क्षेत्रफळ, म्हणजे प्रकाश, जेमतेम ५६ टक्के राहतो.

६७५ हा आकडा कुठून आला, तेही त्याने तिथेच सांगितले. वस्तुभिंगाच्या, म्हणजे पुढच्या भिंगाच्या, नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. माझ्या दुर्बिणीचे ९०० मिलिमीटर भागिले ४ म्हणजे २२५, आणि बार्लोने तिप्पट केले की ६७५. या गणितात भिंगाचा व्यास कुठेच येत नाही, त्यामुळे चार मिलिमीटरची एक हलकी नेत्रिका आणि प्लॅस्टिकचे बार्लो भिंग खोक्यात टाकले की कुठल्याही दुर्बिणीवर वाटेल तो आकडा छापता येतो. चित्रात तपशील किती असेल आणि ते किती उजळ असेल, हे मात्र व्यास ठरवतो. चांगल्या भिंगाला मिलिमीटरमागे साधारण दोनपट विशालन पेलते, असा अनुभवाचा हिशेब आहे. म्हणजे खऱ्या ६० मिलिमीटरला १२० आणि माझ्या ४५ मिलिमीटरला ९०. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते आणि अंधारते. ६७५ पटीला डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ४५ भागिले ६७५, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक होतो आणि मग गुरूपेक्षा आपल्याच डोळ्यातले तरंगते कण जास्त ठळक दिसतात. मी गच्चीवर ज्याला बराच वेळ गुरूचा एखादा चंद्र समजत होतो, तो बहुधा तसलाच कण असावा.

व्यास मोठा असला की शहराचे आकाश काळे होते, असाही समज करून घेऊ नये, कारण मोठी दुर्बीण आकाशाचा उजेडही तेवढाच जास्त गोळा करते. देवयानी दीर्घिकेचा मधला फिकट गोळाच डोंबिवलीतून दिसतो, तो मोठ्या दुर्बिणीतूनही फारसा पसरत नाही. मोठ्या व्यासाचा शहरात खरा फायदा चंद्राची विवरे, ग्रह, जोडतारे आणि तारकागुच्छ यांना होतो. सुटे तारे बिंदूसारखेच राहून जास्त तेजस्वी होतात आणि शहरातल्या पार्श्वभूमीतूनही वर येतात.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. ‘भिंग मोजून घ्या, साठच आहे,’ एवढेच तो म्हणत राहिला आणि ते खरेही होते. खोक्यावर आतल्या चकतीबद्दल अवाक्षर नव्हते. नेत्रिकाही ०.९६५ इंचाच्या जुन्या, बारीक मापाच्या निघाल्या. सध्या सर्वत्र मिळणाऱ्या चांगल्या नेत्रिका सव्वा इंचाच्या असतात, त्यामुळे निदान एक नेत्रिका बदलून बघावी, तर तेही जमेना. दुकानातच टॉर्च लावून मोजू देत नसतील, तर नळीच्या पुढच्या बाजूने आत वाकून बघावे. भिंगाच्या लगेच मागे त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान भोकाची कडी दिसली, की तिथेच शंका घ्यावी. नळीत आत कडेला येणारा प्रकाश अडवणाऱ्या कड्या चांगल्या दुर्बिणीतही असतात. त्या किरणांच्या शंकूला धक्का लावत नाहीत, म्हणून टॉर्चच्या चाचणीत वर्तुळ पूर्ण मापाचे येते.

शेवटी मी चिडून ती चकती काढून टाकली, निदान ६० मिलिमीटर तरी मिळतील या आशेने. चंद्र उजळ झाला, पण त्याच्या कडेला जांभळी झालर आली आणि विवरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ पडल्या. भिंगाचा बाहेरचा भाग इतका वाईट घासलेला होता, की तो झाकण्यासाठीच कारखान्याने ती चकती बसवलेली असणार. मी ती पुन्हा जागेवर बसवली. मुलगी आता त्या दुर्बिणीतून २० मिलिमीटरच्या नेत्रिकेने, म्हणजे ४५ पटीने, चंद्र बघते. बार्लो भिंग मी तिच्या हाती दिलेले नाही.